निमाणीवरची आजी आणि भिंतीवरचा नकाशा

आज सकाळी नाशिकच्या निमाणी बसस्टँडवर एका माणसाने एका पोरीला झापलं. ती सुरगाण्याहून पहिल्यांदाच एकटी आलेली, मावशीकडे नाशिकरोडच्या बिटकोला निघालेली. "बिटकोला कुठली बस?" एवढंच विचारलं तिने. "नकाशा लावलाय ना समोर, वाचता येत नाही?" अंगावर खेकसून गेला तो. माझं डोकंच फिरलं.

अरे, वाचता येतं तिला! पण त्या नकाशावर पाच-सहा रंगांच्या रेघा आहेत आणि "तुम्ही इथे आहात" अशी साधी खूण नाही. आपण कुठे उभे आहोत हेच कळत नसेल तर रेघ कुठून धरायची?

बाकावरची एक आजी उठली. तिने पोरीचं बोट धरून "निमाणी" या नावावर ठेवलं. "तू इथं उभी. आता बिटको शोध. दोन्ही नावं ज्या रेघेवर, ती तुझी रेघ." मग बोट हळूहळू सरकवत नेलं. पंचवटी कारंजा, मग गोदावरीवरचा होळकर पूल. "इथं गंगा ओलांडली." रविवार कारंजा, शालिमार, द्वारका. "रविवार कारंज्यावरनं गाडी अशोकस्तंभाकडे वळली तर चुकीची, लगेच उतर."

पोर म्हणाली, "द्वारकेनंतर थोडंच राहिलं की, आजी."

"नाही गं बाई. कागदावर बोटभर, पण निम्म्याहून जास्त रस्ता तिथून पुढं आहे. घाबरून मधेच उतरू नकोस."

हे मला कधी सुचलं नसतं. अशा नकाशात थांबे सारख्या अंतरावर काढतात, क्रम खरा असतो, अंतर नाही. नवा माणूस नेमका इथे फसतो.

मोबाईलवर सगळं दिसतं, मान्य. पण तिच्या फोनची बॅटरी संपत आली होती, आणि घाबरलेल्या माणसाला स्क्रीनवरचा ठिपका धीर देत नाही.

पोर थांबे मोजायला लागली, तेव्हा आजीने अडवलं. "मोजू नको. कुणी चढणार-उतरणार नसेल तर गाडी थांबत नाही, हिशोब चुकतो. आधीचं ठिकाण ध्यानात ठेव. दत्तमंदिर आलं की उठून दारापाशी ये. पुढचं बिटको."

तो खेकसणारा माणूस मला अजून आठवतोय, पण राग आता तितका राहिला नाही. त्यालाही कधी कुणी बोट धरून दाखवलं नसेल.

बस आली. आजीने पाटी वाचून घेतली, कंडक्टरला "हिला बिटकोला उतरवा" सांगितलं. पोर चढली आणि खिडकीतून ओरडली, "आजी, परत येताना?"

"रस्त्याच्या पलीकडं उभी राहा! पाटीवर निमाणी बघ!"