दोन पेपर एकाच वेळी आले तर मेल कसा लिहाल?

मी कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. हिवाळी सत्राचं तात्पुरतं वेळापत्रक लागलं की मेल सुरू होतात. "सर, माझे दोन पेपर एकाच दिवशी आहेत, प्लीज डेट चेंज करा." बस्स, एवढंच. खाली नाव नाही, पीआरएन नाही. (आणि आमच्याकडे सर नाहीतच, मी आहे.)

मुळात हे होतं कुणाचं? बहुतेकदा बॅकलॉगवाल्यांचं. तिसरं आणि पाचवं सेमिस्टर एकाच सत्रात येतं. वेळापत्रक वर्गवार लावतात, त्यामुळे रेग्युलर मुलाला अडचण येत नाही. पण टीवायच्या मुलाचा एसवायचा विषय राहिलेला असेल, त्यातून तो जुन्या पॅटर्नचा असेल, तर दोन्ही पेपर सकाळी दहालाच येऊ शकतात.

मेल करण्याआधी वेळ बघा. एक पेपर सकाळी आणि दुसरा दुपारी असेल तर आमच्या लेखी तो क्लॅश नाही. दमछाक होते, मान्य, पण तारीख बदलत नाही. वेळ एकच असेल तर मात्र लगेच लिहा, आणि असं लिहा:

"विषय: सेम ३ व सेम ५ चे पेपर एकाच वेळी, वेळ बदलण्याबाबत.
माझा पीआरएन अमुक. सेम ३ (२०१९ पॅटर्न), विषय व कोड अमुक, आणि सेम ५, विषय व कोड अमुक, हे दोन्ही पेपर अमुक तारखेला सकाळी १० वाजता आहेत. यापैकी एकाची वेळ बदलावी. दोन्ही परीक्षा अर्ज व वेळापत्रकाची पानं जोडली आहेत."

घरची परिस्थिती, नोकरी गेली, लग्न ठरलं, यातलं काही नको. आम्हाला कोड लागतो. तोच पुढे विद्यापीठाला जातो, कारण निर्णय त्यांचा असतो.

तुमच्या एकट्यासाठी तारीख का बदलत नाहीत? प्रश्नपत्रिका सगळ्या केंद्रांवर एकच असते. तुम्ही ती दोन दिवसांनी दिलीत तर तोवर ती व्हॉट्सॲपवर फिरलेली असते. म्हणून हलवायचा तर अख्खा पेपर हलतो, आणि तेही वेळापत्रक तात्पुरतं असेपर्यंतच सोपं. केंब्रिज बोर्डाची पद्धत वेगळी आहे. तिथे क्लॅश झालेल्या मुलाला त्याच दिवशी एकामागोमाग पेपर देऊ देतात आणि मधल्या वेळात देखरेखीखाली ठेवतात, फोनही जवळ नसतो. आपल्याकडे हे का जमू नये, मला कळत नाही.

खरं तर मेलची वेळच यायला नको. दोन्ही परीक्षा अर्ज विद्यापीठाकडेच असतात. एकाच पीआरएनवर एकाच वेळी दोन कोड कुठे येतात, हे संगणक चुटकीसरशी सांगेल. पण ते शोधायचं काम आपण पोरांवर ढकललंय.

तोवर एक करा. वेळ बदलल्याचं उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून परीक्षेला न्या. हॉलतिकिटावर कधीकधी जुनीच वेळ असते आणि दारावरच्या सुपरवायझरला या मेलचा पत्ताही नसतो.