चपला डावीकडेच ठेवा

गल्लीतल्या देवीच्या जीर्णोद्धार समितीवर तुमची निवड झाली, त्याबद्दल अभिनंदन. वर्गणीचा आकडा फुगलाय, जुनं कौलारू देऊळ उतरवलंय, आणि आता ‘गर्दी झाली तर माणसं कुठनं येणार नि कुठनं जाणार’ असं विचारणारा एखादा पोरगा मिटिंगमध्ये उभा राहणारच. त्याला चहा द्या. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पुढं सांगतो तसं द्या, म्हणजे नवरात्रात आपल्या देवळाचं नाव सगळ्या पेठेत गाजेल.

पहिलं काम चप्पल स्टँडचं. बाकी देऊळ कसंही बांधा, पण स्टँडची जागा चुकली नाही तर सगळं फुकट जाईल. जागा चुकवायची कशी ते नीट समजून घ्या. देवीकडं तोंड करून उभं राहा. दर्शन झालं की माणूस गाभारा उजव्या हाताला ठेवून डावीकडनं प्रदक्षिणेला निघतो, मागनं फिरतो आणि उजव्या बाजूनं पुढं येतो. हे काही समितीच्या हातात नाही, ते आधीच ठरलेलं आहे. रांग समोरनं सरळ येते. म्हणजे दर्शन आटोपलेला माणूस रांगेच्या उजव्या अंगाला बाहेर पडणार. स्टँड उजवीकडं ठेवला तर तो चपला घालून मुकाट्यानं घरी जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून स्टँड डावीकडं ठेवा. मग बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला रांग फोडून पलीकडं जावं लागेल, आणि रांगेतला प्रत्येक जण त्याला ‘मध्ये घुसणारा’ समजून कोपर आडवं लावेल. निम्मी भांडणं इथंच होतील. ती मिटवायला कार्यकर्ते लागतील, कार्यकर्त्यांना टी-शर्ट लागतील, आणि टी-शर्टावर अध्यक्षांचा फोटो आलाच.

माणूस कुठल्या दारानं बाहेर पडतो हे बाणाच्या पाट्या ठरवत नाहीत, त्याच्या चपला ठरवतात. उत्तरेला ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी फूटभर अक्षरांत पाटी रंगवा. चपला दक्षिणेला असतील तर माणूस दक्षिणेलाच येणार. आणि कोल्हापुरात चपलेचा प्रश्न जरा नाजूक. करकर वाजणारी कापशी कुणी नेली तर देवीच्या दारातच शिव्या ऐकू येतात. त्यामुळं लोकांचा जीव मूर्तीपेक्षा स्टँडकडं जास्त लागलेला असतो.

स्टँडला खिडकी एकच ठेवा. घेणारे आणि देणारे एकाच खिडकीशी भिडले पाहिजेत. आत बसवा एक निवृत्त काका, टोकनची पिशवी हरवलेले. चपला ठेवून घ्यायची खिडकी रस्त्याकडं आणि परत देण्याची प्रदक्षिणेच्या बाजूला, मध्ये पाच खणांची मांडणी, असलं काही कुणी सुचवलं तर ‘बजेटमध्ये बसत नाही’ म्हणा. कमानीवरच्या कळसाला लागलेला खर्च त्या वेळी काढू नका.

आता रांग. इथं थोडा हिशोब करावा लागतो, पण कोषाध्यक्षाला न सांगता करा.

समजा, पंचमीच्या संध्याकाळी मिनिटाला आठ माणसं येतात. मूर्तीसमोर एकेकाला सहा सेकंद मिळतात, म्हणजे मिनिटाला दहा जण पुढं सरकतात. आठ येतात, दहा जातात; रांगच लागत नाही. असं चालायचं नाही. म्हणून आठ वाजता आरतीला दर्शन थांबवा. अर्धा तास. तेवढ्यात दोनशे चाळीस माणसं साठतात. साडेआठला दर्शन सुरू झालं, की लोकांना वाटतं आता दहा-पंधरा मिनिटांत सगळं मोकळं होईल. होत नाही, कारण आठ येतच असतात. दर मिनिटाला रांग फक्त दोन माणसांनी कमी होते. दोनशे चाळीस माणसं सरायला दोन तास लागतात. अर्ध्या तासाच्या आरतीचं देणं साडेदहापर्यंत फिटत राहतं.

याहूनही सुंदर प्रकार पुढं आहे. उंबऱ्यावर बरोबर मध्ये मोठी घंटा टांगा. माणूस थांबणार, हात वर करणार, वाजवणार, मग कडेवरच्या पोराला वाजवू देणार. ओटी भरायचं ताट गाभाऱ्यातच ठेवा. दानपेटी पायरीवर. तीर्थ देणाऱ्याला सुट्टे पैसे द्यायचं कामही सोपवा. सहाचे साडेसात सेकंद सहज होतील. आता मिनिटाला आठच जण पुढं जातात आणि आठच येतात. म्हणजे ती दोनशे चाळीस माणसांची रांग लोक यायचे थांबेपर्यंत जराही आखडत नाही. दीड सेकंदात केवढं काम होतं बघा. उलट कुणी ओटीचं टेबल मंडपाबाहेर नेलं, घंटा बाजूच्या खांबाला लावली आणि सहाचे पाच सेकंद केले, तर मिनिटाला बारा जातील आणि तीच रांग तासाभरात संपेल. असल्या माणसाला समितीत घेऊ नये.

दोनशे चाळीस माणसं, एकामागं एक, प्रत्येकी दीड-पावणेदोन फूट. चारशे फूट रांग झाली. आपली गल्ली अडीचशे फुटांची. राहिलेले दीडशे फूट मेन रोडवर, वडापच्या रिक्षा आणि केएमटीच्या बसच्या मध्ये. तिथं उभ्या असलेल्या माणसाला आत काय चाललंय ते कळत नाही. रांग सरकत नाही एवढंच त्याला दिसतं, म्हणून तो ढकलतो. पुढच्याला मागनं दाब येतो, पण तो का येतोय हे त्यालाही दिसत नाही. गर्दीचं हे गुपित आहे: ढकलणारा एकीकडं आणि चेंगरणारा दुसरीकडं, दोघांची गाठ पडत नाही.

मंडपात नागमोडी रेलिंग लावा, स्टेनलेस स्टीलचं, जमिनीत पक्कं गाडलेलं. एवढं बरोबरच आहे, नागमोडी रांगेनं गल्ली वाचते. ते चुकवायचं असेल तर दोन गोष्टी करा. मध्ये कुठंही उघडणारं फाटक ठेवू नका. चक्कर आलेली आजीबाई पाचव्या वळणावरनं बाहेर काढायची झाली, तर तिला डोक्यावरनं पास करता येते. आणि एक फाटक ठेवायलाच लागलं तर कुलूप घाला, किल्ली सेक्रेटरीच्या खिशात, आणि सेक्रेटरी जोतिबाला.

‘वशिल्याचं दार’ विसरू नका. नगरसेवक, त्यांचे मेव्हणे आणि तालमीचे जुने पैलवान बाहेर पडायच्या दारातनं आत येतील अशी सोय करा. जाणारे आणि येणारे एकाच तीन फुटी दारात समोरासमोर आले, की ते दार बंद असल्यासारखंच. भिंतीत लोखंडी दार लावायची गरज उरत नाही.

फरशीबाबत तडजोड नको. चकचकीत पॉलिशचा ग्रॅनाइटच हवा, आणि प्रत्येक फरशीवर देणगीदाराचं नाव. कोल्हापूरचा पाऊस, अनवाणी ओले पाय, समईचं तेल आणि नारळाचं पाणी यांवर तो जसा खुलतो तसा खरखरीत शहाबादी दगड कधी खुलत नाही. नारळ फोडायचा दगड पायरीच्या वरच्या टोकाला बसवा, म्हणजे पाणी आपसूक खाली ओघळेल.

इथं मला थट्टा थांबवावी लागते. 25 जानेवारी 2005 ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसं गेली. अरुंद वाट, प्रचंड गर्दी आणि नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, एवढ्यावरनंच सुरुवात झाली. आपल्या गल्लीत हजारांची गर्दी नसते, पायऱ्या चारच असतात. पण पडलेल्या माणसावर मागचा माणूस पडायला चार पायऱ्या पुरतात. नारळाचा दगड बाहेर पडायच्या वाटेवर, पायऱ्या संपल्यावर, खाली पन्हळ काढून बसवायला खर्च फारसा येत नाही. नेमकं त्यामुळंच तो कुणाला सुचत नाही.

असो. राहिलं पटांगण. देवळासमोरची मोकळी जागा ही समितीला सतत टोचणारी गोष्ट असते, कारण तिच्यावर कुणाचं नाव घालता येत नाही. आधी कमान उभारा, मग कमानीला शोभेल असा कारंजा, मग कारंज्याला कुंपण. एका बाजूला सांस्कृतिक हॉल, दुसरीकडं पदाधिकाऱ्यांच्या गाड्या. उरलेल्या जागेत एलईडी स्क्रीन आणि वाढदिवसाचा फलक.

मोकळी जागा का घातक, तेही सांगतो. पटांगणातनं मूर्ती सरळ दिसत असेल तर निम्मी माणसं तिथूनच हात जोडतात आणि जातात. अंबाबाईलाही मुखदर्शन घेणारे असतातच. गर्दीच्या दिवशी कामावरनं परतणाऱ्याला तेवढं पुरतं. म्हणजे मूर्ती आणि पटांगण यांच्यामधली सरळ रेषा मोकळी राहिली, तर रांग तयार होण्याआधीच आटते. म्हणून ती रेषा अडवा. ही कला आपल्या गावाला शिकवायची गरज नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं वाटेतल्या बांधकामांना अडतात, यावर इथं कितीतरी वर्षं चर्चा चाललीय. तुम्हाला तर नुसती एक कमान आणि तिच्यावरचा फ्लेक्स पुरतो.

आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी घेऊन पोरीबाळी निघतात, पुढं पी ढबाक वाजत असतं, आणि सगळी गल्ली देवळापुढं गोळा होते. त्या वेळी वाजंत्री कुठं उभी राहणार, हे विचारू नका. मोकळी जागा होती तेव्हा वाजंत्री एका कडेला, बाया मध्ये आणि बघे कट्ट्यावर अशी आपोआप वाटणी व्हायची. आता ती सगळी मंडळी रांगेच्या वाटेत उभी राहतील. पालखीला दांड्यासकट वळायला जेवढी जागा लागते, नेमकी तेवढ्यात कारंजा बसवा. पालखी उलटी चालवत न्यायची नवी परंपरा आपल्या गल्लीत सुरू होईल. महाप्रसादाच्या पंगती रस्त्यावर बसवा. भांडी घासायचा नळ मात्र चप्पल स्टँडशेजारीच घ्या, म्हणजे कातडं भिजेल.

आणि तो सुरुवातीपासून खुसपट काढणारा पोरगा आराखडा मागायला आलाच, तर ‘वास्तूप्रमाणे ठरलंय’ म्हणा. तरी ऐकेना, तर त्यालाच पंचमीला संध्याकाळी साडेआठला स्टँडच्या खिडकीत बसवा. काकांना तेवढीच विश्रांती.