साठीच्या आतला म्हातारा

मी मे 2024 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनीतून निवृत्त झालो. हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ असा साग्रसंगीत निरोप झाला. (ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळच का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) दुसऱ्या दिवसापासून सोसायटीतल्या पोरांनी माझं 'अंकल'वरून 'आजोबा' असं प्रमोशन करून टाकलं.

फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून साठ लाख हाती आले. त्यातले तीस लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. तिथे साठ पूर्ण लागतात, पण नोकरीतून निवृत्त झालेल्याला पंचावन्नपासूनच प्रवेश आहे, फक्त पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत जायचं. काउंटरवरच्या बाईंनी माझं निवृत्तीपत्र पाहिलं आणि शिक्का मारला. सरकारदरबारी मी ज्येष्ठ झालो. उरलेले तीस लाख बँकेत मुदत ठेवीला गेले, सात टक्क्यांनी.

आता हिशेब बघा. पोस्टाचे 8.2 टक्क्यांनी वर्षाला 2,46,000 आणि बँकेचे 2,10,000, म्हणजे 4,56,000 रुपये व्याज. ईपीएसचं चिमूटभर पेन्शन आहे, पण ते स्टँडर्ड डिडक्शनमध्येच विरघळून जातं. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. वरच्या 56,000 वर पाच टक्के म्हणजे 2,800 रुपये, आणि तेही कलम 87अ च्या सवलतीत माफ. थोडक्यात, माझा कर शून्य. तरी व्याज हाती येण्याआधीच त्यातून दहा टक्के कर, टीडीएस, कापला जाणार, म्हणजे वर्षाला 45,600. महिन्याला 3,800 रुपये: आमचं लाइटबिल, गॅस आणि हिच्या गुडघ्यांची औषधं.

"अहो, फॉर्म भरून द्या बँकेत, कापत नाहीत," शेजारचे मास्तर म्हणाले. ते सत्तरीचे. त्यांचा फॉर्म 15एच. त्यात एकच अट, वर्षाचा कर शून्य यायला हवा. मी उत्साहाने तो मागितला, तर बँकेतली मुलगी म्हणाली, "काका, हा साठ वर्षांच्या पुढच्यांना. तुमचा 15जी."

15जी घरी आणून वाचला. त्यात दोन अटी. पहिली तीच, कर शून्य हवा. दुसरी अशी की असं सगळं व्याज मिळून करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे चार लाखांच्या, वर जाता कामा नये. इथे 87अ ची सवलत उपयोगाची नाही. कर शून्य असून भागत नाही, व्याजही आटोपशीर हवं. माझं 56,000 ने जास्त. व्याज थोडं कमी असतं तर 15जी चालला असता, मी थोडा अधिक म्हातारा असतो तर 15एच. पोस्टाने ज्येष्ठ ठरवलेला मी आयकर खात्याच्या दृष्टीने तरणाबांड होतो.

"तुझ्यासाठी फॉर्म 13," माझा सीए मित्र फोनवर म्हणाला, आणि हसला. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तेव्हाच्या, म्हणजे 1961 च्या, आयकर कायद्याच्या कलम 197 खाली हा अर्ज करायचा होता. खात्याच्या टीडीएस अधिकाऱ्याला पटवायचं की माझ्यावर कर बसतच नाही, तेव्हा कापू नका. पटलं की तो प्रमाणपत्र देतो. अर्ज ऑनलाइन, TRACES नावाच्या साइटवर. तिथे नोंदणी करताना तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायला मागचा कापलेला टीडीएस विचारतात, कापणाऱ्याच्या टॅनसकट. म्हणजे टीडीएस कापू नका म्हणायला आधी टीडीएस कापलेला हवा. मागच्या वर्षी सुदैवाने कापला होता. आयुष्यात प्रथमच त्या कपातीबद्दल मी मनोमन आभार मानले.

टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा दहा अक्षरी नंबर: चार अक्षरं, पाच आकडे, शेवटी एक अक्षर. अर्जाचा जीव त्यात असतो. प्रमाणपत्र हे माझ्या नावाचं असलं तरी अमुक टॅनसाठी, अमुक कलमाखाली, अमुक रकमेपर्यंत एवढंच चालतं. पोस्टाचं वेगळं, बँकेचं वेगळं. बँकेत टॅन विचारला तर आधी एक नंबर कागदाच्या चिटोऱ्यावर मिळाला, तो निघाला बँकेचा पॅन. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. बघताक्षणी ओळखू येतो, पण आपल्याला, देणाऱ्याला नाही. शेवटी मागच्या वर्षीचा फॉर्म 16ए, म्हणजे कापलेल्या टीडीएसचा दाखला, काढला, त्यावर टॅन ठळक छापलेला होता. पोस्टाचाही तसाच मिळाला. ज्यांना हा अर्ज करायचाय त्यांनी काउंटरवर काही न विचारता सरळ 16ए बघावा.

मग यंदाच्या उत्पन्नाचा अंदाज, त्यावरचा कर, मागच्या चार वर्षांचं उत्पन्न, विवरणपत्रं. हे सगळं भरून, आधारच्या ओटीपीने सही करून मी मे अखेरीस अर्ज सोडला आणि चहा टाकायला सांगितलं.

चहा पचून गेला, जून सरला. मग अधिकाऱ्यांचा प्रश्न आला: मागील वर्षांत उत्पन्न जास्त होतं, या वर्षी इतकं कमी कसं? मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "कळवा की, पगार बंद झालाय." तसंच कळवलं, फक्त शासकीय मराठीत, सोबत निवृत्तीपत्र, ठेवीच्या पावत्या आणि पोस्टाच्या पासबुकाची प्रत जोडून. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. आकडा निम्म्यावर आला की कोणीही भुवई उंचावेल, आणि ही कागदपत्रं मी अर्जासोबतच जोडली असती तरी तो आलाच असता असं माझं मत आहे.

दरम्यान तिमाही संपली. पोस्टाचं व्याज 61,500, त्यातून 6,150 गेले. बँकेचं 52,500, त्यातून 5,250. प्रमाणपत्र ज्या दिवशी निघतं त्या दिवसापासूनच लागू होतं, मागचं परत आणत नाही. म्हणजे ते 11,400 रुपये विवरणपत्र भरून रिफंडच्या वाटेनेच यायचे. मास्तर म्हणाले, "रिफंडवर व्याज देतात हो, महिन्याला अर्धा टक्का." देतात खरं. पण औषधवाला पुढच्या वर्षीच्या रिफंडवर गोळ्या देत नाही.

ऑगस्टमध्ये दोन प्रमाणपत्रं आली. दर शून्य, मुदत 31 मार्च 2026. बँकेचं 2,10,000 पर्यंतच. त्यावर एक रुपया जास्त व्याज झालं तर त्या रुपयावर नेहमीसारखी कपात. मी मात्र आकडा इतका काटेकोर दिला होता की नवी ठेव करणं आता बंद.

छापील प्रत घेऊन बँकेत गेलो. मुलीने प्रमाणपत्र क्रमांक TRACES वर तपासला, तो जुळला, आणि मग ती माझ्या डोक्याकडे, म्हणजे जिथे पूर्वी केस होते तिकडे, पाहत राहिली.

"काका, तुमची जन्मतारीख बरोबर आहे ना? सिस्टिम तुम्हाला सीनियर दाखवतच नाहीये."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"चुकली असेल तर आत्ता दुरुस्त करून देते. आधार आहे का जवळ?"