शंभर शब्दांत भाषेचे ध्वनी हाती लागत नाहीत

"अनोळखी भाषेचे ध्वनी शोधायचे तर स्वदेश यादीतले १०० शब्द पुरेत. मराठीतून विचारा, देवनागरीत लिहा, बोलणारा एकच असला तरी चालेल."

क्षेत्रकार्याला निघालेल्या एका विद्यार्थिनीने हा मजकूर जसाच्या तसा वहीत उतरवून घेतलाय, म्हणून उत्तर द्यावंच लागतंय.

मॉरिस स्वदेश यांनी १९५०च्या दशकात ही यादी केली ती भाषांचं नातं आणि त्या कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधायला. शब्द निवडले ते अर्थावरून. कोणता ध्वनी कोणत्या स्वराआधी येतो, याचा त्यात विचारच नाही. पहिल्या सकाळी ओळख व्हावी म्हणून ती वापरायला हरकत नाही, इतपत मान्य.

देवनागरीचा सल्ला मात्र घातक आहे. समजा, मराठी कुणालाच ठाऊक नाही. यादीत चाक, चूल, चोर, चिमणी, चेहरा एवढेच च-चे शब्द आले. पहिल्या तिघांत जीभ दातांमागे टेकते, शेवटच्या दोघांत टाळूकडे जाते. निष्कर्ष सरळ दिसतो: ध्वनी एकच, इ-ए पुढे आले की बदलतो. आणि तो साफ चुकीचा आहे! 'चार आंबे' आणि 'गुरं चार' म्हणून बघा. स्वर तोच, शेवट तोच, तरी च वेगळा आणि अर्थही वेगळा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणजे हा भेद वहीपर्यंत पोचणारच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहायचं आणि शंका येईल तो फरकही नोंदवायचा.

पहिल्या फेरीला घरातले, शेतातले, प्राण्यांचे असे ४००-५०० शब्द घ्या. उसने वाटणारे बाजूला ठेवा. मराठीतून विचारलं की समोरचा मराठीच शब्द परत देतो. मग तक्ता करा: आडवे व्यंजन, उभे पुढचे स्वर; शब्दारंभ, मध्य आणि शेवट यांचे तक्ते वेगळे. दुसरी यादी या तक्त्यातल्या रिकाम्या घरांतून निघते. वरच्या उदाहरणात 'टाळूचा च + आ' हे घर रिकामं होतं. तिथे बसणारा शब्द मुद्दाम शोधला असता तर 'चार' सापडला असता.

एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणारी अशी शब्दांची जोडी सापडली की त्याच भाषेच्या दुसऱ्या बोलणाऱ्याला दोन्ही शब्दांची ध्वनिमुद्रणं उलटसुलट क्रमाने वीसदा ऐकवून अर्थ विचारा. जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली तर भेद खरा. दहाच्या आसपास बरोबर आली तर तो नुसता अंदाज आहे.

शब्द सुटे वदवून घेऊ नका. यादी म्हणताना शेवटच्या शब्दाचा सूर बऱ्याचदा खाली येतो आणि नसलेला सूरभेद दिसायला लागतो. एकाच ठरावीक वाक्याच्या मधोमध शब्द बसवून तीनदा म्हणवून घ्या.

राहिला एकच बोलणारा. त्याचे पुढचे दात पडलेले असतील तर दंत्य ध्वनींची नोंदच बिघडते. निदान तीन-चार जण हवेत, त्यात बायका आणि पुरुष दोन्ही.