छोटे आयगेनमूल्य नेमके काय सांगते : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : रिग्रेशनमधील चलांचे स्तंभ असलेले मॅट्रिक्स X घेऊन X'X चे एखादे आयगेनमूल्य शून्याजवळ आले, तर ते चल एकमेकांवर जवळजवळ अवलंबून आहेत असे समजावे, ही तुमच्या लेखातील कसोटी मला पटत नाही. मी एक स्तंभ मीटरऐवजी किलोमीटरमध्ये लिहिला आणि सर्वांत लहान आयगेनमूल्य एकदम शून्याजवळ गेले. एकक बदलल्याने चलांमधले संबंध बदलतात का? त्यापेक्षा सहसंबंधांची सारणी पाहावी. तिच्यात ०.९ च्या वर काही नसेल, तर काळजीचे कारण नाही.

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. मीटरमधील आकड्यांना १००० ने भागले की त्या स्तंभातील वर्गांची बेरीज दहा लाख पटींनी लहान होते. ही बेरीज X'X च्या कर्णावर असते, आणि सर्वांत लहान आयगेनमूल्य हे कर्णावरील सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठे कधीच असू शकत नाही. त्यामुळे दोन स्तंभांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसला, तरी केवळ एककामुळे छोटे आयगेनमूल्य दिसू शकते. म्हणूनच आयगेनमूल्ये काढण्यापूर्वी प्रत्येक स्तंभातून त्याची सरासरी वजा करावी आणि वर्गांची बेरीज १ होईल असे त्याचे प्रमाण बदलावे. असे केल्यावर X'X म्हणजेच सहसंबंधांचे मॅट्रिक्स होते, त्याच्या आयगेनमूल्यांची बेरीज चलांच्या संख्येइतकी येते, आणि मीटर की किलोमीटर या निवडीचा काहीही परिणाम उरत नाही.

मात्र सहसंबंधांची सारणी नुसती डोळ्यांनी पाहणे पुरेसे आहे, हे मला मान्य नाही. लेखी गुण, तोंडी गुण आणि अंतिम गुण असे तीन चल घेऊ. लेखी आणि तोंडी गुणांत सहसंबंध शून्य आहे, तर अंतिम गुणांचा या दोहोंशी प्रत्येकी ०.७ आहे. आपल्या निकषाने ही सारणी निर्धोक ठरते. तिची आयगेनमूल्ये मात्र १.९९, १ आणि ०.०१ येतात. अंतिम गुण हे उरलेल्या दोन गुणांची जवळजवळ बेरीजच आहेत, पण कोणत्याही एका जोडीकडे पाहून ते कळत नाही, कारण हा संबंध तिघांचा मिळून आहे.

```python
R = np.corrcoef(X, rowvar=False)
lam, V = np.linalg.eigh(R)
```

येथे `lam` चढत्या क्रमाने मिळते, त्यामुळे `V` चा पहिला स्तंभ सर्वांत छोट्या मूल्याचा आयगेनव्हेक्टर असतो. आपल्या उदाहरणात तो (०.५, ०.५, −०.७१) आहे, सर्व चिन्हे उलटी आली तरी अर्थ तोच राहतो. प्रमाणित लेखी आणि तोंडी गुणांच्या निम्म्या बेरजेतून प्रमाणित अंतिम गुणांची ०.७१ पट वजा केली की जवळजवळ काहीच उरत नाही, असे तो सांगतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे, कारण दोष आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या चलांच्या कोणत्या मिश्रणात आहे, हेही ती दाखवते.

सहगुणकांचे नुकसानही याच आकड्यांतून मोजता येते. एखाद्या सहगुणकाचा व्हेरिअन्स काढताना प्रत्येक आयगेनव्हेक्टरमधील त्या चलाच्या घटकाचा वर्ग संबंधित आयगेनमूल्याने भागून सर्व भागाकारांची बेरीज करतात आणि तिला त्रुटीच्या व्हेरिअन्सने गुणतात. अंतिम गुणांसाठी ही बेरीज ५० येते आणि त्यातला जवळजवळ सगळा वाटा त्या एका छोट्या आयगेनमूल्याचा असतो. लेखी गुणांसाठी ती २५.५ येते. म्हणजे चलांमध्ये परस्परसंबंध नसता तर जी प्रमाण त्रुटी आली असती, तिच्या अनुक्रमे सुमारे ७ पट आणि ५ पट त्रुटी आता येते. चिन्ह उलटे येणे किंवा दोन-चार निरीक्षणे वगळताच सहगुणक भलतीकडे जाणे, ही याचीच लक्षणे होत.

किती छोटे म्हणजे छोटे, याला ठाम उत्तर नाही. मोठ्या आणि छोट्या आयगेनमूल्यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ, म्हणजे कंडिशन इंडेक्स, ३० च्या वर गेल्यास सावध व्हावे, असे पुष्कळदा सांगतात. आपल्या उदाहरणात तो १४ च येतो, तरीही व्हेरिअन्स ५० पट झाला आहे. ३० ही मर्यादा बेल्सली, कुह आणि वेल्श यांच्या १९८० च्या पुस्तकातून रूढ झाली, पण तिथे सरासरी वजा न करता आणि स्थिरांकाचा स्तंभ ठेवून गणित केले जाते. सरासरी वजा केलेल्या स्तंभांना ती जशीच्या तशी लावू नये.

उलट बाजूने, छोटे आयगेनमूल्य दिसले म्हणून लगेच चल गाळण्याचीही घाई करू नये. निरीक्षणे भरपूर असतील आणि त्रुटीचा व्हेरिअन्स लहान असेल, तर ५० पट वाढूनही प्रमाण त्रुटी कामापुरती लहान राहू शकते. केवळ भाकीत हवे असेल आणि नव्या विद्यार्थ्यांचे अंतिम गुणही पूर्वीप्रमाणेच बेरजेच्या जवळ राहणार असतील, तर भाकिताचे फारसे बिघडत नाही. ज्याचे अंतिम गुण त्या बेरजेपासून दूर आहेत, अशा विद्यार्थ्याचे भाकीत मात्र याच मॉडेलने करू नये, कारण त्या दिशेची माहिती मूळ निरीक्षणांत जवळजवळ नव्हतीच.