टाळ्यांत बुडालेलं क्रियापद

मी मराठी शिकवतो, म्हणून आमच्या महाविद्यालयाच्या प्रसिद्धी समितीवर आहे. समितीत मी एकटाच आहे. पारितोषिक वितरण झालं, पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि प्राचार्यांनी माझ्या हातात मोबाईल ठेवला. "भाषण पूर्ण रेकॉर्ड झालंय. छोटीशी बातमी करून द्या. तुम्ही मराठीचे, तुम्हाला दहा मिनिटांचं काम." भाषणच ४७ मिनिटांचं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोन केला, तर उपसंपादक म्हणाले, "सर, दीडशे शब्द, सहाच्या आत. युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. कागदाचा फोटो काढून पाठवू नका, मागच्या वेळी पाठवला होतात." मी हिशेब केला. ४७ मिनिटांत माणूस सहज पाच हजार शब्द बोलतो. म्हणजे शंभरातले तीन ठेवायचे आणि सत्त्याण्णव टाकायचे, तेही पाहुण्यांना कळू न देता.

पहिल्या वर्षी मी भाषण शब्दशः उतरवून काढायला बसलो होतो. रात्री अकरा वाजता मी व्यासपीठावरील मान्यवरांच्या नावांतून नुकताच बाहेर पडत होतो. तेव्हापासून मी उतरवत नाही. एकदा सलग ऐकतो आणि समोरच्या कागदावर फक्त वेळ आणि दोन शब्द टिपतो. यंदाचा कागद असा : "०६:१० – जास्त वेळ घेणार नाही. ११:४० – वडिलांची सायकल. १९:०५ – शेवटी एकच सांगतो. २६:३० – शेवटी एकच. ३४:०० – सायकल पुन्हा. ४१:२० – शेवटी एकच (टाळ्या)." अनुभवाने सांगतो, बातमी शेवटच्या 'शेवटी एकच'मध्ये असते. आधीचे 'शेवटी एकच' हे वक्त्याने दम घ्यायला बांधलेले थांबे असतात.

४१:२० ला गेलो. पाहुणे आवाज चढवून म्हणत होते, "विद्यार्थ्यांनो, पदवी मिळाली की हाताला लागेल ती पहिली नोकरी धरून—" आणि टाळ्यांचा कडकडाट.

मी मागे गेलो. पुन्हा ऐकलं. 'धरू नका' की 'धरून ठेवा'? मराठी क्रियापदाला वाक्याच्या शेवटी बसवणाऱ्यांनी टाळ्यांचा विचार केलेला दिसत नाही. होकार-नकार सगळा त्या शेवटच्या दोन अक्षरांत, आणि सभागृह टाळ्या वाजवतं ते नेमकं त्याच्या पाव सेकंद आधी, कारण वक्त्याचा आवाज चढला की वाक्य संपत आलं हे सगळ्यांना कळतं. त्यात हा 'न' दुतोंडी. 'धरू नका'तही तोच, 'धरून ठेवा'तही तोच. तो स्पष्ट ऐकू येत होता आणि काहीच सांगत नव्हता.

मोबाईल होता कुठे, तर अध्यक्षांच्या टेबलावर, फुलदाणीला टेकवून. म्हणजे पाहुणे सात फुटांवर आणि प्राचार्यांचे तळहात एका फुटावर. फोन आवाजाची पातळी स्वतःच कमीजास्त करतो. जवळ मोठा आवाज झाला की तो सगळंच दाबून टाकतो आणि पुन्हा वर यायला थोडा वेळ घेतो. प्राचार्यांची पहिली टाळी पडली आणि पाहुण्यांचं क्रियापद विहिरीत गेलं. फोन पोडियमवर माईकशेजारी ठेवला असता किंवा ध्वनिक्षेपकवाल्याकडून थेट तार घेतली असती, तर हा लेखही झाला नसता.

वेग कमी करून पाहिला. पाहुणे मद्यधुंद वाटू लागले. टाळ्या हळू पडू लागल्या, पण पडल्या तिथेच. मग संदर्भावरून अर्थ लावावा, असं ठरवलं. टाळ्या ओसरल्यावर पाहुणे म्हणाले होते, "मी स्वतः २३ वर्षं एकच नोकरी केली. आज बघा, तुमच्यासमोर उभा आहे!" आणि हशा. हा पश्चात्ताप की अभिमान? हशा दोन्हींना चालतो. तिसऱ्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने व्हिडिओ काढला होता. तो मागवला, तर त्यात त्याच्या मित्राची शिट्टी होती.

साडेचार झाले. दरम्यान बाकीची बातमी लिहून काढली, कारण तिचा साचा ठरलेला असतो. वक्त्याने काही करायला सांगितलं की 'आवाहन', नुसतं मत मांडलं की 'प्रतिपादन', हल्ली पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणाला की 'खंत'. सायकलची गोष्ट 'आठवणींना उजाळा' या दोन शब्दांत बसली. पाहुण्यांनी तिला दोनदा मिळून बारा मिनिटं दिली होती. मग 'ते पारितोषिक वितरण कार्यक्रमात बोलत होते.' हा 'बोलत होते' मला फार अचूक वाटतो. बोलले, असं म्हटलं तर संपल्यासारखं वाटतं. 'आज' किंवा 'काल' लिहायचं नाही, बातमी कधी छापून येईल ते आपल्या हातात नसतं. वार आणि तारीख लिहायची. नाव कानावरून नाही, निमंत्रणपत्रिकेवरून घ्यायचं. सगळं झालं. मधे एक भोक राहिलं, नेमकं मथळ्याच्या जागी.

पाच वाजता पाहुण्यांनाच फोन केला. ते गाडीत होते.

"सर, ते पहिल्या नोकरीचं वाक्य. धरू नका की धरून ठेवा?"

"असं म्हणालो मी?" पाहुणे खूश झाले. "टाळ्या पडल्या का?"

"पडल्या सर. त्यामुळेच फोन केला."

"धरू नका! धरू नकाच म्हणालो." मग जरा थांबून, "पण छापताना थोडं सौम्य करा. माझ्या जुन्या साहेबांकडे हाच पेपर येतो."

म्हणून बातमी अशी गेली : "पदवीनंतर पहिल्या नोकरीचा निर्णय विद्यार्थ्यांनी स्वतःची आवड ओळखून विचारपूर्वक घ्यावा, असे आवाहन…" ज्या वाक्याला सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या, ते वाक्य बातमीत नाही. ज्याला कुणी कधीच टाळी वाजवणार नाही, ते आहे.

उरली नावं. उपसंपादकाची कात्री खालून चालते. जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद आधी जातो, आणि नावं तर शेवटच्याच परिच्छेदात असतात : प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. मी प्राचार्यांना दुसऱ्या वाक्यात चढवलं, 'अध्यक्षस्थानी' म्हणून. कुणालातरी वाचवायचं तर नोकरीवर असलेल्या माणसाने कुणाला वाचवावं, हे काही शिकवावं लागत नाही. पाच पन्नासला बातमी पाठवली. १४८ शब्द.

छापून आली ६१ शब्दांची. आवाहन शाबूत, प्राचार्य शाबूत, सायकल गेली. खालचा परिच्छेद अख्खा गेला.

स्टाफरूममध्ये आभार मानलेले सर पेपर उघडून माझीच वाट पाहत होते. मी त्यांना कात्रीचं सगळं नीट समजावून सांगितलं. बातमी खालून कापतात, आभार शेवटी असतात, यात माझा काही दोष नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "मग पुढच्या वर्षी मी आभार सुरुवातीलाच मानतो."