थाळी दिसायलीय का?

परभणीकडच्या गावात एखादा माणूस हातात दोरी धरून पाण्याकडं टक लावून बसला, की बघणाऱ्यांना दोनच शंका येतात. एक तर ह्याचं काहीतरी पाण्यात पडलंय, नाहीतर हा पाणाड्या आहे. मला आजवर विचारलेल्या प्रश्नांत ‘पॉइंट कुठं निघाला, सर?’ हा सगळ्यांत जास्त वेळा आलेला आहे. तलावाच्या मधोमध बसलेला पाणाड्या आणखी कुठलं पाणी शोधत असेल, याचा विचार विचारणारा करत नाही.

मी नागरिक विज्ञान प्रकल्पातला स्वयंसेवक आहे. आमच्या पाझर तलावाचं पाणी किती नितळ आहे ते अधूनमधून मोजायचं आणि मोबाइलवर भरायचं, एवढंच काम. त्यासाठी दोन हत्यारं दिली आहेत. एक सेक्की चकती, दुसरी गढूळपणा मोजायची नळी. गावात पहिलीला थाळी म्हणतात आणि दुसरीला सलाईन.

थाळी २० सेंटिमीटर व्यासाची. तिचे चार भाग, दोन काळे, दोन पांढरे, समोरासमोर. खाली वजन, वर खुणांची दोरी. पाण्यात सोडत जायचं, दिसेनाशी झाली की खोली वाचायची. मग वर ओढायचं आणि पुन्हा दिसू लागते तिथं थांबून दुसऱ्यांदा वाचायचं. दोन्हींची सरासरी काढली की झालं. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्रीबाबांनी १८६५ साली पोपच्या जहाजावरून हे प्रयोग केले. मूळचे ते खगोलशास्त्रज्ञ. त्यांची चकती पांढरी होती. काळा-पांढरा रंग पुढं १८९९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या व्हिपल यांनी दिला. सेक्कींना भूमध्य समुद्र मिळाला आणि मला काळ्या मातीतला पाझर तलाव, एवढाच आमच्यात फरक.

जहाजाऐवजी माझ्याकडं मामांचा थर्माकोलचा तराफा आहे. मामा त्यावरून मासे धरतात. काठावरून मोजून चालत नाही, कारण तिथं थाळी दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकते. टेकूनही दिसत असेल तर ‘खोलीपेक्षा जास्त’ असं लिहावं लागतं आणि हाती काहीच लागत नाही. शिवाय बघायचं ते सरळ वरून. तिरकं पाहिलं की पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते. म्हणून तराफ्याच्या सावलीच्या बाजूला पालथं पडायचं आणि मान पाण्यावर काढायची. वेळ साधारण दहा ते तीनच्या मधली, सूर्य वर असतानाची. मराठवाड्यात ऑक्टोबरच्या दुपारी थर्माकोलवर पालथं पडून बघा म्हणजे या नियमाची किंमत कळेल.

त्यात काळा चष्मा घालायचा नाही. माझा चष्मा नंबराचा, पण उन्हात आपोआप काळा होणाऱ्या काचांचा. तो घातला की थाळी लवकर गायब होते आणि काढला की मामाच गायब होतात. शेवटी कपाटातला जुना, एका काडीला दोरा बांधलेला साधा चष्मा बाहेर निघाला.

गेल्या खेपेला थाळी ३४ सेंटिमीटरवर गेली आणि ३० वर परत आली. म्हणजे ३२. मामांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “मला तर दिसायलीय की अजून.” मामांची नजर पाण्याखालचा मरळ ओळखणारी. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा नेहमीच मोठा येतो. इथं मोजमाप करणारं खरं यंत्र माणसाचा डोळा, थाळी नुसती निमित्त. म्हणून दर वेळी शक्यतो त्याच माणसानं बघावं आणि वहीत त्याचं नाव लिहावं. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “मंग माझंच लिहा.”

नळीचा प्रकार त्याहून अवघड, कारण ती काठावर वापरायची असते आणि काठावर लोक असतात. साठ सेंटिमीटरची पारदर्शक नळी, बुडाशी तशीच काळी-पांढरी खूण. बादलीतलं पाणी ढवळून हळूहळू ओतायचं, वरून सरळ बघायचं, खूण गेली की उंची वाचायची. नळी आपल्या अंगाच्या सावलीत धरायची. ओतल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, कारण जाड माती लगेच खाली बसते. ती नेमकी खुणेवरच बसली की वर पाणी निवळत असतानाही खूण झाकली जाते. काळ्या मातीचा बारीक कण मात्र हट्टी. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला आठेक तास घेतो. आपला तलाव पाऊस थांबून बरेच दिवस झाले तरी चहाच्या रंगाचा दिसतो, तो याच कणामुळं.

त्या दिवशी काठावरच्या बादलीनं १९ दाखवले. तलावात थाळी ३२, नळीत १९. दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षाच नसते. खूण लहान असते, आणि नळीतला उजेड वेगळा, तलावातला वेगळा. पण एवढी तफावत? मान वर केली तेव्हा उत्तर समोरच डुंबत होतं. पाच-सहा म्हशी, आणि मी पाणी घेतलं ते त्यांच्या खालच्या अंगाला. मी म्हैसवाल्याला म्हणालो, “जरा तिकडं नेता का?” तो म्हणाला, “तुम्हीच जरा तिकडून मोजा की. म्हशी रोजच्याच हायत.” यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं.

मग तराफ्यावरून आत जाऊन दुसरी बादली आणली, काठावर झाकून ठेवली आणि म्हैसवाल्याशी राहिलेली हुज्जत पूर्ण करायला गेलो. परत येऊन नळी भरली. खूण दिसली. आणखी ओतलं, तरी दिसली. नळी काठोकाठ भरली आणि बुडाची खूण माझ्याकडं लख्ख बघत होती. साठपेक्षा जास्त! मोबाइलवर हे भरलं असतं तर आमचा तलाव एका दुपारीत काश्मीरला गेला असता.

बादलीत पाहिलं तर तळाला मातीचा कापसासारखा थर. बारीक कण असे पुंजके होऊन आपणहून बसत नाहीत. शेजारी एक आजी पदरानं हात पुसत उभ्या होत्या.

“आजी, बादलीत काय टाकलं?”

“टाकलं काई नाई. तुरटी फिरवली. तुम्ही किती येळचं त्या सलाईनीत वाकून बघायलेत, तुम्हाला काई दिसंना, मला बघवंना.”

आजींचं रसायनशास्त्र बिनचूक होतं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. इथल्या घराघरांतल्या रांजणांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. फक्त माझ्या प्रकल्पाच्या अर्जात ‘तुरटी’ असा रकाना नाही.

मामांना पुन्हा हाक मारली. तिसरी बादली आली, या वेळी माझ्या दोन पायांमध्ये ठेवली. नळीत २८ आले. थाळीचे ३२, नळीचे २८, पाण्याचा रंग तपकिरी. रंग लिहावाच लागतो, कारण शेततळ्यातलं शेवाळानं हिरवं झालेलं पाणीही हाच आकडा दाखवू शकतं आणि दोन्हींची दुखणी वेगळी. दुसऱ्या बादलीपुढं मी शेरा लिहिला, ‘नमुना रद्द’.

आजींनी मला तो शेरा मोठ्यानं वाचायला लावला.

“रद्द कामून? सगळ्यांत चांगलं पाणी तर तेच निघालं!”

जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या. म्हैसवाला तर म्हणाला की असा बक्षिसाचा नमुना कॅन्सल करणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला. आणि आजींनी ती बादली उचलली, वरचं पाणी हलक्या हातानं घागरीत ओतून घेतलं, मातीचा थर तलावात फेकला आणि रिकामी बादली माझ्या हातात देत विचारलं, “आता पुन्हा कधी येणार? म्हंजे तुरटी घेऊन येते.”